सरासरी भाव सोळाशे

आमच्या चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात सकाळी दोन केळीवाले भेटले की आधी भावाची चौकशी होते. बऱ्हाणपूरला काय निघालं, रावेरला काय निघालं. भाव क्विंटलमागे बोलला जातो आणि रोज बदलतो. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी सतराशेच्या वर झाडं बसतात. त्यांना वर्षभर पाणी, खत, टेकू द्यायचा, आणि सगळ्या वर्षाचं गणित कापणीच्या त्या थोड्या दिवसांत ठरायचं. घड एकदम तयार होत नाहीत, म्हणून एकाच बागेत तीन-चार फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीचा भाव वेगळा, वजन वेगळं, काटा पावती वेगळी.

मी केळी उत्पादकांच्या एका गटाचं काम बघते. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. गटात आले ती पावत्या नोंदवायला. आज कापणीचे नंबर लावताना, गाडी ठरवताना, वार्षिक सभेचा अहवाल लिहिताना मला विचारलं जातं. हा बदल एक्सेलमुळे झाला, पण खूप फॉर्म्युले पाठ केल्यामुळे झाला नाही. रोज वापरते ते फॉर्म्युले हाताच्या बोटांवर मोजता येतील. खरं काम फॉर्म्युल्याच्या आधी असतं, आणि ते केळीचा धंदा कळणाऱ्या माणसालाच नीट जमतं. ते नेमकं काय, हे एका प्रश्नावरून सांगते.

प्रश्न साधा होता. सभेच्या अहवालात प्रत्येक सभासदापुढे "सरासरी भाव" असा एक आकडा छापायचा होता. आधीच्या पद्धतीप्रमाणे चार फेऱ्यांचे चार भाव घेऊन AVERAGE लावला जायचा. एक सभासद, वय झालेले बाबा, आपल्या पावत्या पिशवीत घालून आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "मंग माले भाव काय पडना?" शेजारच्या बांधावरच्या माणसालाही सोळाशे आणि त्यांनाही सोळाशे, पण त्याच्या घरी आलेले पैसे आणि यांच्या घरी आलेले पैसे यांत मोठा फरक. माल सारख्याच प्रतीचा, वजनही दोघांचं एकशे साठ क्विंटल. मग हिशेबात कुठेतरी खोट आहे, असा त्यांचा संशय. संशय रास्त होता.

आकडे सोयीसाठी गोल करून मांडते. त्या महिन्यात भाव उतरत होता. चार फेऱ्यांचे भाव होते २,१५०, १,९००, १,४०० आणि ९५०. यांची बेरीज ६,४००, भागिले चार, सोळाशे. दोघांच्या गाड्या त्याच चार दिवशी भरल्या, म्हणून दोघांनाही सोळाशेच. आता वजन बघा. शेजाऱ्याचा माल पहिल्या फेरीला ६२ क्विंटल गेला, दुसरीला ४८, तिसरीला ३५ आणि शेवटी १५. बाबांचा माल उलटा गेला: आधी १२, मग ३०, मग ५५ आणि भाव पार पडल्यावर ६३. प्रत्येक फेरीचं वजन त्या दिवसाच्या भावाने गुणलं की शेजाऱ्याचे होतात २,८७,७५० रुपये आणि बाबांचे २,१९,६५०. दोन्हींना १६०ने भागा. शेजाऱ्याला क्विंटलमागे पडले साधारण १,७९८ आणि बाबांना १,३७३. सोळाशे भाव दोघांपैकी कोणालाच मिळाला नव्हता. अडुसष्ट हजार शंभर रुपयांचा फरक त्या एका आकड्याखाली दडला होता.

याला भारित सरासरी म्हणतात. शाळेत शिकवतात, पण तिथे ती परीक्षेपुरती राहते. एक्सेलमध्ये ती एका ओळीत येते. D कॉलमात वजन आणि E कॉलमात भाव असेल तर असं लिहायचं:

```
=SUMPRODUCT(D2:D5,E2:E5)/SUM(D2:D5)
```

पहिला भाग प्रत्येक ओळीतलं वजन आणि भाव गुणून सगळ्यांची बेरीज करतो, म्हणजे एकूण पैसे. दुसरा भाग एकूण वजन. कोणाला फॉर्म्युला लक्षात राहिला नाही तरी चालेल. "एकूण पैसे भागिले एकूण वजन" हे लक्षात राहिलं की पुरे, कारण तेवढं कागदावरही करता येतं. भावांची सरासरी घेतली की पंधरा क्विंटलची गाडी आणि बासष्ट क्विंटलची गाडी सारख्याच मोलाची धरली जाते, आणि कोणताही केळीवाला सांगेल की ती तशी नसते.

माझी एक मैत्रीण शहादा तालुक्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. केळीशी तिचा काही संबंध नाही, पण तिच्या तक्त्यात हेच घडत होतं. एका छोट्या पाड्यावरच्या अंगणवाडीत दहा मुलांपैकी चार कमी वजनाची, म्हणजे ४० टक्के. मोठ्या गावातल्या अंगणवाडीत साठपैकी सहा, म्हणजे १० टक्के. दोन टक्केवाऱ्यांची सरासरी २५. प्रत्यक्षात सत्तरपैकी दहा मुलं, म्हणजे चौदा टक्क्यांच्या थोडं वर. वरच्या बैठकीत २५ सांगितलं असतं तर सगळाच भाग वाईट दिसला असता, आणि त्या एका पाड्याकडे वेगळं लक्ष गेलंच नसतं. तिच्याकडे आणखी एक घोळ होता. ज्या मुलाचं वजन त्या महिन्यात घेतलंच नाही, त्याच्यापुढे कोणी सेल रिकामा सोडायचं, कोणी शून्य लिहायचं. AVERAGE रिकामा सेल सोडून देतो, शून्य मात्र हिशेबात धरतो. मूल आईबरोबर ऊसतोडीला गेलेलं असतं आणि कागदावर त्याचं वजन शून्य किलो होऊन बसतं. हे कॉम्प्युटरवाल्याच्या लक्षात येणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने शून्य हा बरोबर आकडा आहे. शून्य किलोचं मूल असत नाही, हे अंगणवाडी पाहिलेल्या बाईच्या पटकन लक्षात येतं.

आता बाबांच्या पावत्यांकडे परत येते, कारण हिशेब एका फॉर्म्युल्याने सुटला असं मी लिहिलं तर ते अर्धंच सांगणं होईल. फॉर्म्युला लावण्याजोगं शीटच आमच्याकडे नव्हतं. प्रत्येक सभासदाचं एक वेगळं शीट होतं. वर नाव मोठ्या अक्षरात, सेल एकत्र जोडलेले, पहिली फेरी डावीकडे, दुसरी तिच्या उजवीकडे, मध्येच पिवळ्या रंगात एकूण, खाली शेरा. वहीचं पान जसंच्या तसं पडद्यावर उतरवलेलं. डोळ्यांना ते छान दिसतं आणि एका माणसाचा हिशेब त्यात सापडतोही. पण "जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या गटाचा माल किती गेला?" असं विचारलं की प्रत्येक शीट उघडून हाताने बेरीज करायची वेळ येते.

म्हणून पहिलं काम केलं ते ओळ ठरवण्याचं. एक ओळ म्हणजे एक काटा पावती. बाकी काही नाही. कॉलम मोजके: तारीख, सभासद क्रमांक, बाग, वजन, भाव, फेरी, आणि शेवटी नाव व गाव. सगळे सभासद एकाच शीटमध्ये, एकाखाली एक. मध्ये कुठेही "एकूण" ची ओळ नाही, कारण ती ओळ पुढच्या बेरजेत पुन्हा धरली जाते आणि माल दुप्पट दिसतो. रंगाने काही सांगायचं नाही. उधारी बाकी असेल तर त्याला वेगळा कॉलम द्यायचा. शीट दिसायला रुक्ष झालं, आणि सुरुवातीला त्यावर नाराजीही झाली. पण अशा शीटवर पिव्हट टेबल लावलं की गावावार, आठवड्यावार, फेरीवार बेरजा फॉर्म्युला न लिहिता मिळतात. सभासद क्रमांक ओळींत ओढा, वजन बेरजेत ओढा, झालं.

पिव्हटचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. नोंदीतली घाण तो उघडी पाडतो. सभासदांची यादी नावावरून काढली तेव्हा एकच माणूस दोन-दोनदा दिसू लागला. एकदा आडनाव आधी, एकदा शेवटी. एकदा "पाटील" च्या पुढे एक जास्तीची मोकळी जागा, जी डोळ्यांना दिसत नाही पण एक्सेलला दिसते. ती TRIM ने काढता येते, पण आपल्याकडे खरी अडचण त्याच्या पुढची आहे. आमच्या एकेका गावात अर्धी यादी पाटील आणि चौधरी, नावं तीच, वडिलांचीही तीच. दोन वेगळी माणसं एकाच नावाखाली जमा झाली तर कोणताही फॉर्म्युला त्यांना वेगळं करू शकत नाही. म्हणून हिशेब सभासद क्रमांकावरच चालवायचा. नाव फक्त वाचायला.

मग वजनाचा कॉलम. काही सेलमध्ये "62" होतं, काहींत "62 क्विं." असं लिहिलेलं. माणसाला दोन्ही सारखंच कळतं. एक्सेल दुसऱ्याला मजकूर समजतं, आणि SUM मजकूर गुपचूप वगळतो. चूक झाली म्हणून लाल खूण येत नाही. बेरीज येते, फक्त कमी येते, आणि कमी आलेली बेरीजही बेरजेसारखीच दिसते. हे पकडायला मी एक लहानसा फॉर्म्युला शीटच्या बाजूला कायमचा लिहून ठेवला आहे:

```
=COUNTA(D2:D400)-COUNT(D2:D400)
```

COUNTA भरलेले सगळे सेल मोजतो, COUNT फक्त आकड्यांचे. उत्तर शून्य आलं की कॉलम स्वच्छ. सात आलं तर सात सेलमध्ये आकड्याऐवजी मजकूर आहे, आधी तो शोधायचा, मग बेरजेकडे बघायचं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तारखांनी. आणि आपल्या भागात कोणत्याही ऑफिसात हे घडतं, म्हणून जरा थांबून सांगते. एक्सेलच्या पोटात तारीख हा एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून पुढचे दिवस मोजलेले. ५ जून २०२३ म्हणजे त्याच्या लेखी ४५०८२. आपण 05/06/2023 असं टाइप करतो तेव्हा आधी दिवस, मग महिना, असं आपल्या डोक्यात असतं. पण कॉम्प्युटरची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर तो आधी महिना वाचतो, आणि ५ जूनची पावती ६ मेला जाऊन बसते. 15/06/2023 लिहिलं तर पंधरावा महिना नसल्यामुळे तो त्याला तारीखच मानत नाही, तसाच मजकूर म्हणून ठेवतो. म्हणजे एकाच कॉलमात अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या तारखाच नाहीत. ऑफिसातल्या एका लॅपटॉपवर अशी मांडणी होती, दुसऱ्यावर नव्हती, आणि नोंदी दोन्हींवर होत होत्या.

हे ओळखायचं कसं? पहिली खूण उघड आहे. सेलची मांडणी हाताने बदललेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. कॉलमावरून नजर फिरवली आणि काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजावं. दुसरी खूण धंद्यातून येते. जूनच्या पहिल्या बारा दिवसांच्या पावत्या महिनावार लावल्या तर जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक महिन्याच्या सहा तारखेला थोडाथोडा माल दिसू लागतो. त्या जानेवारीत आमच्या गटाची कापणीच नव्हती, आणि डिसेंबर तर अजून उजाडायचा होता. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली मृगबाग कधी कापतात आणि पावसाळ्यानंतर लावलेली कांदेबाग कधी, हे ज्याला ठाऊक आहे, तो हा तक्ता पाहताच हात वर करेल. बाहेरचा माणूस त्यावरून रंगीत आलेखही काढून देईल.

हा त्रास फक्त आपल्यासारख्यांना होतो असं नाही. जनुकांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत MARCH1, SEPT1 अशी जनुकांची नावं एक्सेल परस्पर तारखांमध्ये बदलत असे. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावंच बदलून MARCHF1, SEPTIN1 अशी केली. आमच्याकडे उपाय सोपा होता. दोन्ही लॅपटॉपची प्रदेशाची मांडणी भारतीय केली, आणि तारीख 5-Jun-2023 अशी, महिना अक्षरात, लिहायची ठरवली. तशी लिहिली की दिवस कोणता आणि महिना कोणता याचा गोंधळ उरत नाही. जुन्या नोंदी मात्र पावत्यांशी ताडून हातानेच दुरुस्त कराव्या लागल्या, कारण ६ मे ही खरी ६ मे आहे की उलटी झालेली ५ जून, हे शीटवरून कळायला मार्ग नाही. पावत्यांचा गठ्ठा जपून ठेवला होता म्हणून निभावलं.

तारखा नीट झाल्या तेव्हा बाबांच्या प्रश्नाचा मूळ भाग पुढे आला. त्यांचा माल उशिरा का गेला? गटात कापणीचा नंबर लागायचा तो ज्याचा फोन आधी त्याचा. भाव चढता असेल तर कोणी तक्रार करत नाही. उतरत्या भावात मागे राहणाऱ्याचं दिवाळं निघतं. म्हणून आम्ही दुसरं एक शीट केलं: एक ओळ म्हणजे एक बाग. त्यात निसवणीची तारीख, म्हणजे बागेतल्या निम्म्या झाडांना कमळ, म्हणजे केळफूल, बाहेर पडलं तो दिवस. निसवणीपासून घड कापणीला यायला साधारण शंभर दिवस धरले. तारीख हा आकडाच असल्यामुळे त्यात सरळ शंभर मिळवता येतात. निसवणीची तारीख C कॉलमात असेल तर:

```
=C2+100
```

१५ फेब्रुवारी २०२३ ला निसवलेली बाग २६ मे दाखवते. या कॉलमाप्रमाणे शीट लावून घेतलं की पुढच्या तीन आठवड्यांत कोणाकोणाच्या बागा तयार होणार ते एका नजरेत दिसतं, आणि नंबर त्याप्रमाणे लागतो. मात्र या शंभराला मर्यादा आहे. ऐन थंडीत निसवलेल्या बागेला जास्त दिवस लागतात, उन्हाच्या झळा लागलेल्या बागेचा माल लवकर पिवळा पडायला लागतो, करपा आलेल्या बागेत घड भरतच नाहीत. म्हणून शीट फक्त कोणत्या बागेत आधी जायचं ते सांगतं. केळाच्या शिरा भरून गोलाई आली की नाही, हे बागेत जाऊन घड हातात धरूनच ठरतं, आणि ते ठरवणारी माणसं आमच्याकडे माझ्यापेक्षा कितीतरी जाणती आहेत. ते बागेतून येऊन सांगतात, "हिला अजून आठ दिवस." मग मी त्या बागेच्या ओळीत शंभरचे एकशे आठ करते आणि का केले ते पुढे लिहून ठेवते.

सभेत आम्ही सोळाशेचा कॉलम काढून टाकला आणि त्याच्या जागी दोन आकडे छापले: एकूण वजन आणि क्विंटलमागे हाती आलेले रुपये. बाबांच्या ओळीत १,३७३ आणि शेजाऱ्याच्या ओळीत १,७९८ एकाखाली एक आल्यावर सभेत आवाज चढले. अध्यक्षांना ते आवडलं नाही, आणि त्यांची बाजूही मला समजत होती. पण सोळाशे छापल्यावर जो वाद बांधावर आणि पारावर चालतो, त्याला उत्तर कोणीच देऊ शकत नाही. समोर आकडे होते म्हणून नंबर निसवणीप्रमाणे लावायचा ठराव त्याच सभेत झाला.

त्याच सभेत एकाने विचारलं, नंबर लागूनही कापणी चार-चार दिवस लांबते त्याचं काय? शीटमध्ये "शेरा" नावाचा कॉलम होता आणि त्यात प्रत्येकाने मनाला येईल तसं लिहिलं होतं. "पाऊस", "पाउस", "पाणी पडलं", "गाडी नाही", "गाडी आली नव्हती", "मजूर". वाचायला बरं, मोजायला निरुपयोगी. त्यामुळे आता त्या कॉलमात डेटा व्हॅलिडेशनची यादी लावली आहे. सेलवर क्लिक केलं की चारच पर्याय उघडतात: पाऊस, गाडी, मजूर, माल कच्चा. वेगळं काही घडलं असेल तर ते लिहायला शेजारी दुसरा कॉलम आहे, पण कारण या चारांतलं एक निवडावंच लागतं. पुढच्या हंगामाची मोजणी झाली तेव्हा सभेत सगळेजण ज्याला दोष देत होते तो पाऊस तिसऱ्या नंबरावर निघाला. सगळ्यात जास्त दिवस गेले होते गाडीची वाट बघण्यात, आणि त्यातही बहुतेक शनिवारी-रविवारी. यंदा मृगबागेच्या कापणीसाठी आठवड्याच्या शेवटी येणाऱ्या दोन पिकअप गटाने आधीच बोलून ठेवल्या आहेत.